निविदा छाननी समित्यांना खुले पत्र: प्रत्येक निकषाचा निकाल स्वतंत्रपणे लिहा

प्रति,
निविदा छाननी समित्यांचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
शासकीय विभाग, स्थानिक स्वराज्य संस्था आणि सार्वजनिक उपक्रम

महोदय,

कंत्राटदारांच्या निविदा तयार करून देणे आणि अपात्र ठरलेल्या निविदांची कारणे समजून घेणे हे माझे रोजचे काम आहे. त्या कामात एक वाक्य माझ्यासमोर पुन्हा पुन्हा येते: "निविदाधारकाने उलाढाल व अनुभवाच्या अटी पूर्ण केलेल्या नसल्याने तांत्रिकदृष्ट्या अपात्र." या वाक्यातून तीन गोष्टी समजत नाहीत. उलाढालीची कोणती वर्षे धरली, अनुभवाचे कोणते काम मोजले आणि कोणते वगळले, आणि दोन्ही अटी खरोखरच अपूर्ण होत्या की एक अपूर्ण ठरल्यावर दुसरीचे नावही सोबत लिहिले गेले. निर्णय बरोबर असला तरी तो पडताळता येत नाही. आणि चुकीचा असला तर चूक कुठे झाली हे समितीलाही नंतर सापडत नाही.

केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम 2017 मधील नियम 173 नुसार निविदाधारकाने विचारणा केल्यास निविदा नाकारण्याची कारणे सांगणे बंधनकारक आहे. माझी विनंती त्याच्या एक पाऊल आधीची आहे. कारण विचारल्यावर शोधावे लागू नये. छाननी करतानाच प्रत्येक निकषापुढे त्याचा निकाल, तो कोणत्या आकड्यावरून काढला आणि तो आकडा निविदेच्या कोणत्या पानावर आहे, हे लिहिलेले असावे. असे लिहायला बसले की निकाल कसा बदलतो, हे एका उदाहरणाने मांडतो. उदाहरण मी रचलेले आहे आणि आकडे सोयीचे घेतले आहेत. पण त्यातला प्रत्येक अडथळा छाननीच्या टेबलावर नेहमी येणारा आहे.

समजा, 10 कोटी रुपये अंदाजित रकमेच्या पाणीपुरवठा वाहिनीच्या कामाची सूचना 10 जून 2024 रोजी प्रसिद्ध झाली आणि निविदा सादर करण्याची अंतिम तारीख 30 जून 2024 आहे. पात्रतेच्या अटी केंद्रीय दक्षता आयोगाच्या 17 डिसेंबर 2002 च्या ज्ञापनातील सुपरिचित धर्तीवर आहेत. मागील आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंतच्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित रकमेच्या किमान 30 टक्के, म्हणजे 3 कोटी हवी. सूचना निघालेल्या महिन्याच्या आधीच्या महिनाअखेरीस संपणाऱ्या सात वर्षांत समान स्वरूपाची तीन कामे प्रत्येकी 40 टक्के, किंवा दोन कामे प्रत्येकी 50 टक्के, किंवा एक काम 80 टक्के किमतीचे पूर्ण केलेले हवे. म्हणजे अनुक्रमे 4, 5 आणि 8 कोटी. शिवाय केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत असते तशी एक तरतूद येथेही आहे: जुन्या कामाची किंमत पूर्णत्वाच्या तारखेपासून निविदेच्या अंतिम तारखेपर्यंत दरसाल 7 टक्के सरळ दराने वाढवून धरायची.

आता उलाढाल पाहू. निविदाधारकाने 2020-21, 2021-22 आणि 2022-23 या वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद जोडले आहेत. त्यांतील उलाढाल अनुक्रमे 2.10, 2.90 आणि 3.40 कोटी आहे. 2023-24 चे लेखापरीक्षण जूनमध्ये झालेले नाही. त्यात नवल नाही, कारण बहुतेकांचे ते सप्टेंबरच्या सुमारास पूर्ण होते. म्हणून त्या वर्षासाठी तात्पुरते नफा-तोटा पत्रक आणि सनदी लेखापालाचे 3.90 कोटींचे प्रमाणपत्र जोडले आहे. छाननी करणारा सहायक साहजिकच लेखापरीक्षित तीन वर्षे उचलतो, त्यांची सरासरी 2.80 कोटी काढतो आणि "अपूर्ण" असा शेरा मारतो. हिशेब अचूक आहे, पण वर्षे अटीतली नाहीत. अटीप्रमाणे जून 2024 मध्ये मागील आर्थिक वर्ष 2023-24 आहे, म्हणून धरायची वर्षे 2021-22 ते 2023-24 अशीच आहेत, आणि त्यांची सरासरी प्रमाणपत्रानुसार 3.40 कोटी येते.

येथेच थांबून "पूर्ण" लिहिले तर तेही घाईचे होईल. नफा-तोटा पत्रक उघडले की 3.90 कोटींत 45 लाख रुपये मुदत ठेवींवरील व्याज आणि जुनी यंत्रे विकून आलेल्या रकमेचे आहेत, हे दिसते. ते उत्पन्न खरे आहे, पण कामांपासूनचे नाही, आणि उलाढालीची अट कामाची क्षमता पाहण्यासाठी असते. ती रक्कम वगळून 2023-24 चा आकडा 3.45 कोटी होतो आणि सरासरी 3.25 कोटी. अट तरीही पूर्ण होते. म्हणजे एकाच निविदेतून 2.80, 3.40 आणि 3.25 असे तीन आकडे निघू शकतात, आणि त्यांतला कोणता धरला हे लिहिल्याशिवाय "पूर्ण" किंवा "अपूर्ण" या शब्दाला अर्थच राहत नाही.

राहिला प्रश्न लेखापरीक्षण न झालेल्या वर्षाचा. निविदेत "फक्त लेखापरीक्षित ताळेबंद" असे स्पष्ट लिहिले असेल आणि 2023-24 वगळण्याची किंवा त्याऐवजी आधीचे वर्ष धरण्याची सोयही दिली असेल, तर तीच वाट घ्यावी. निविदा त्याबाबत गप्प असेल, तर समितीला एक अर्थ निवडावा लागतो, आणि तो छाननीच्या टिपणीत लिहून सर्व निविदाधारकांना सारखा लावावा लागतो. एकाचे तात्पुरते वर्ष स्वीकारून दुसऱ्याचे नाकारणे हे बहुतेकदा कोणाच्या मनातही नसते. पण दोन निविदा दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या सहायकांनी तपासल्या की ते आपोआप घडते. वर्षभराच्या निविदांपैकी एप्रिल ते सप्टेंबर या काळात निघणाऱ्या प्रत्येक निविदेत ही अडचण येणारच आहे, म्हणून निविदापूर्व बैठकीत तिचा खुलासा करून शुद्धिपत्रक काढणे हा खरा उपाय आहे. छाननीत त्याची भरपाई पूर्णपणे होत नाही.

सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्राबद्दलही दोन शब्द. त्यावर 18 अंकी यूडीआयएन असतो आणि तो भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. अनेक समित्या तो तपासतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्या तपासणीतून मुख्यतः प्रमाणपत्र त्या सदस्यानेच दिले आहे हे कळते. प्रमाणपत्रातील उलाढालीत काय काय मिळवले आहे हे त्यातून कळत नाही. वरच्या उदाहरणात यूडीआयएन पूर्णपणे वैध असूनही आकडा 45 लाखांनी कमी करावा लागला. म्हणून "यूडीआयएन पडताळला" आणि "उलाढाल पडताळली" या दोन वेगळ्या नोंदी असाव्यात.

आता अनुभव. येथे समित्यांचा सर्वाधिक वेळ जातो, आणि येथेच निकाल एका शब्दात लिहिण्याची सवय सर्वाधिक नुकसान करते. सात वर्षांची मुदत 31 मे 2024 रोजी संपते, म्हणजे ती 1 जून 2017 पासून सुरू होते. निविदाधारकाने तीन कामे दाखवली आहेत.

पहिले काम 3.10 कोटींचे, 30 जून 2019 रोजी पूर्ण झालेले. मूळ किमतीवर पाहिले तर ते 4 कोटींच्या खाली आहे, आणि वाढीची तरतूद नजरेतून सुटली तर ते तिथेच बाद होते. अंतिम तारखेपर्यंत बरोबर पाच वर्षे होतात. सरळ 7 टक्क्यांनी 35 टक्के वाढ, म्हणजे 4.185 कोटी. 40 टक्क्यांची पातळी ओलांडली. दुसरे काम 4.40 कोटींचे, 31 डिसेंबर 2021 रोजी पूर्ण. अडीच वर्षांची वाढ 17.5 टक्के, म्हणून 5.17 कोटी. हे 40 टक्क्यांच्या पर्यायात तर बसतेच, पण 50 टक्क्यांच्या पर्यायातही एक काम म्हणून मोजता येते. ही नोंद आज उपयोगी वाटली नाही तरी करावी, कारण तीन पर्यायांपैकी कोणता तपासला आणि कोणता नाही हे त्यावरूनच कळते.

तिसरे काम 4.60 कोटींचे आहे. त्यासाठी कार्यादेश जोडला आहे आणि 4.32 कोटींचे शेवटचे चालू देयक जोडले आहे. काम पूर्णत्वाचा दाखला मात्र नाही. चालू देयक काम किती झाले ते सांगते, संपले की नाही ते सांगत नाही. आतापर्यंतची स्थिती अशी: तीन कामांच्या पर्यायात दोन कामे सिद्ध, तिसरे अनिश्चित, दोन कामांच्या पर्यायात एकच काम 5 कोटींच्या वर, एका कामाच्या पर्यायात 8 कोटींचे काम नाही. संपूर्ण पात्रता आता एका दाखल्यावर उभी आहे.

अशा वेळी बहुतेक टिपण्यांत "अनुभवाची अट अपूर्ण" असे लिहिले जाते. माझ्या मते येथे निकाल "अपूर्ण" नाही. तो "दाखल्याअभावी अनिर्णित" आहे, आणि या दोहोंत फार अंतर आहे. वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या वस्तू-खरेदी पुस्तिकेत जवळपास हाच प्रसंग उदाहरण म्हणून दिलेला आहे. पुरवठ्याचा आदेश जोडला असून त्याच्या पूर्णत्वाचा किंवा कामगिरीचा दाखला जोडलेला नसेल, तर तो दाखला मागवून विचारात घेता येतो. पण निविदाधारकाला पात्र करण्यासाठी नवा पुरवठा आदेश मागवता येत नाही. निविदा उघडतेवेळी अस्तित्वात असलेली आणि नंतर न बदललेली कागदपत्रेच मागवावीत, असेही तेथे सांगितले आहे. ही पुस्तिका वस्तूंच्या खरेदीसाठी असली तरी तिचा तर्क कामांच्या निविदांनाही तितकाच लागू पडतो, कारण सीमारेषा एकच आहे: निविदेत आधीच सांगितलेल्या वस्तुस्थितीचा पुरावा मागवता येतो, नवी वस्तुस्थिती आत घेता येत नाही.

म्हणून समितीने दाखला मागवावा, मुदत द्यावी आणि तो आल्यावर दोन तारखा पाहाव्यात. दाखल्यावरची तारीख निविदा उघडण्याच्या आधीची आहे का, आणि काम पूर्ण झाल्याची तारीख 31 मे 2024 पर्यंतची आहे का. समजा, काम 20 फेब्रुवारी 2024 रोजी पूर्ण झाले आणि अंतिम किंमत 4.32 कोटी ठरली, तर तिसरे काम वाढ न धरताही मोजले जाईल आणि अनुभवाची अट पूर्ण होईल. पण दाखल्यात काम 12 जून 2024 रोजी पूर्ण झाल्याचे असेल, तर ते निविदेच्या अंतिम तारखेपूर्वी संपले असले तरी अनुभवाच्या मुदतीत बसत नाही, आणि तेव्हा "अपूर्ण" हा निकाल निर्विवाद आहे. कंत्राटदाराला तो कटू वाटेल, पण त्याला कारण कळेल, आणि पुढच्या निविदेत हेच काम मोजले जाईल हेही कळेल. "उलाढाल व अनुभवाच्या अटी अपूर्ण" हे वाक्य हाती पडलेला कंत्राटदार मात्र पुढच्या वेळी उलाढाल वाढवण्यासाठी भागीदार शोधत बसतो, जेव्हा त्याची उलाढाल पहिल्यापासून पुरेशी होती.

अनुभवाबाबत आणखी एक बारकावा येथे नोंदवतो. काम सात वर्षांच्या मुदतीआधी सुरू झाले आणि मुदतीत पूर्ण झाले, तर ते मोजावे की नाही यावर समित्यांत वाद होतात. अटीत "पूर्ण केलेले" असा शब्द असेल तर सुरुवातीची तारीख गैरलागू आहे. वाचताना "या सात वर्षांत केलेले" असे ऐकू येते आणि मग कार्यादेशाची तारीख पाहून काम बाद होते. टिपणीत "कार्यादेश" आणि "पूर्णत्व" अशा दोन तारखांसाठी दोन रकाने असले, तर ही गफलत निम्म्याहून अधिक वेळा जागीच लक्षात येते.

कागदपत्रांबाबत मी थोडक्यात लिहितो, कारण येथे कष्ट फार आहेत पण गुंता कमी. "जोडले / जोडले नाही" एवढी खूण पुरत नाही. कागद कोणाच्या नावाने आहे आणि अंतिम तारखेला तो वैध होता का, हे दोन प्रश्न प्रत्येक कागदाला विचारावे लागतात. भागीदारी संस्थेची खासगी कंपनी झालेली असते, नोंदणी कंपनीच्या नावाने असते आणि पूर्णत्वाचे दाखले जुन्या भागीदारीच्या नावाने असतात. अशा वेळी रूपांतराचा दस्त जोडलेला आहे का हे पाहिल्याखेरीज त्या दाखल्यांवर अनुभव मोजता येत नाही. हा दस्त कागदपत्रांच्या यादीत वेगळ्या क्रमांकावर असल्यामुळे कागदपत्रे तपासणारा आणि अनुभव तपासणारा या दोघांत तो हरवतो. वैधतेच्या बाबतीत तुलना अंतिम तारखेशी करावी. लिफाफा उघडण्याच्या दिवसाशी किंवा छाननीच्या दिवसाशी नाही. समितीची बैठक लांबली म्हणून एखाद्याचे प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरणे अन्यायाचे आहे. आणि बयाणा रक्कम भरलेलीच नसेल तर तो पुराव्यातला उणेपणा नव्हे. ती मागाहून भरून घेता येत नाही, आणि तिची नोंद थेट "अपूर्ण" अशीच असावी.

आता या सर्वांतून निघणारा निकाल कसा लिहावा, याचा एक नमुना देतो. वरच्या उदाहरणातील उलाढालीची नोंद अशी असेल:

"निकष: सरासरी वार्षिक उलाढाल किमान 3.00 कोटी, वर्षे 2021-22 ते 2023-24. निविदेतील दावा 3.40 कोटी, पान 41. समितीने धरलेला आकडा 3.25 कोटी, 2023-24 मधील 45 लाखांचे इतर उत्पन्न वगळले, पान 47. 2023-24 चे पत्रक तात्पुरते. निविदेत मनाई नसल्याने सर्व निविदाधारकांबाबत स्वीकारले. निकाल: पूर्ण."

या नोंदीत दावा आणि समितीचा आकडा वेगवेगळे लिहिले आहेत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. दोन्ही आकडे शेजारी असले की निविदाधारकाला फरकाचे कारण समजते, आणि आक्षेप आला तर वाद एका रकमेपुरता राहतो. अनुभवाची नोंदही अशीच, प्रत्येक कामाला स्वतंत्र ओळ देऊन, आणि तिसऱ्या कामापुढे "अनिर्णित, दाखला मागवला" असे लिहून. "अनिर्णित" हा निकाल अंतिम टिपणीत राहता कामा नये. दाखला आला किंवा मुदत संपली की तो "पूर्ण" किंवा "अपूर्ण" मध्ये बदलून बदलाची तारीख लिहावी.

काम करण्याच्या पद्धतीबाबत दोन सूचना करतो. पहिली अशी की, पहिली अट अपूर्ण दिसताच तपासणी थांबवू नये. "एक अट गेली की निविदा गेली, मग पुढे कशाला पाहायचे" हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. पण आक्षेपाच्या सुनावणीत ती एक अट समितीच्या विरोधात गेली, तर बाकीच्या अटी तपासलेल्याच नसतात आणि छाननी पुन्हा करावी लागते. तोपर्यंत इतरांचे दर उघडलेले असू शकतात. सर्व निकषांचे निकाल हाती असतील तर समितीचे म्हणणे अधिक भक्कम राहते.

दुसरी सूचना अशी की, निविदाधारकामागून निविदाधारक असे न तपासता निकषामागून निकष असे तपासावे. म्हणजे आधी सर्वांची उलाढाल, मग सर्वांचा अनुभव, मग सर्वांची कागदपत्रे. एका बैठकीत सर्वांची उलाढाल समोर असली की पहिल्याला 2023-24 धरायचे आणि चौथ्याला सोडायचे हे घडतच नाही, कारण विसंगती एकाच तक्त्यात डोळ्यांसमोर येते. निविदा सात-आठ असल्या तर याला वेळही जास्त लागत नाही, कारण अटीचा अर्थ एकदाच ठरवायचा असतो. हे निकषवार निकाल सर्व सदस्यांच्या सह्यांसह दराचा लिफाफा उघडण्यापूर्वी पूर्ण झालेले असावेत. दर कळल्यानंतर "समान स्वरूपाचे काम" या शब्दांचा अर्थ लावायला बसणे कोणत्याही प्रामाणिक सदस्यासाठी कठीण आहे, आणि प्रामाणिक राहिला तरी ते सिद्ध करणे त्याहून कठीण.

म्हणून आपणांस माझी विनंती आहे की, अपात्रतेचे पत्र पाठवताना त्या निविदाधारकाच्या निकषवार निकालाचे पान त्याला जोडून पाठवावे: पूर्ण झालेल्या निकषांसह सर्व, केवळ अपूर्ण निकषाचे नव्हे. इतर निविदाधारकांचे आकडे त्यात देण्याची गरज नाही. आक्षेप नोंदवण्याची मुदत हे पान मिळाल्याच्या दिवसापासून मोजावी, आणि दराचा लिफाफा ती मुदत संपल्यावरच उघडावा.

आपला विश्वासू,
निविदा तयार करून देणारा एक व्यावसायिक